दुखत नाही, म्हणूनच रोज पाहायचं

किराणा दुकान चालवणारे, साठीच्या पुढचे एक गृहस्थ. शुगर 14 वर्षांची, गोळ्या चालू. बुधवारी रात्री बायकोला स्वयंपाकघराच्या पांढऱ्या फरशीवर तांबडे ठिपके दिसले, ओट्यापासून दारापर्यंत एका ओळीत. "अहो, पाय दाखवा बघू," ती म्हणाली. उजव्या तळव्याला, अंगठ्याच्या मुळाशी, मसुराच्या डाळीएवढं भोक होतं. चप्पल उलटी केली तर सोलमध्ये एक बारीक खिळा रुतलेला आणि त्याचं टोक आतून वर आलेलं. टोकाभोवतीचं रक्त वाळून काळं पडलं होतं. म्हणजे खिळा त्या दिवशी लागलेला नव्हता. दोन-तीन दिवस ते त्याच खिळ्यावर उभं राहून गिऱ्हाईक करत होते.

खिळा उपटला, जखमेत हळद भरली, वर पट्टी बांधली आणि गुरुवारी नेहमीप्रमाणे दुकान उघडलं. मुलगा म्हणाला, "बाबा, डॉक्टरांना दाखवून येऊ." त्यावर उत्तर ठरलेलं, "अरे, दुखत काहीच नाही." रविवारी पट्टी ओली होऊन तिला वास यायला लागला आणि पाऊल इतकं सुजलं की चप्पल चढेना. उपाशीपोटीची शुगर एरवी दीडशेच्या आसपास असायची, ती 260 निघाली. ताप नव्हता. सोमवारी दाखवलं तेव्हा पू तळव्याच्या आत पसरून हाडापर्यंत पोचलेला होता. अंगठा आणि त्यामागच्या हाडाचा तुकडा काढावा लागला.

तपशील थोडे बदलले आहेत, पण डायबेटिक पायाच्या ओपीडीत बसणाऱ्या कुणालाही ही केस ओळखीची वाटेल. चूक कुठे झाली असं विचारलं, तर बहुतेक जण खिळ्याकडे किंवा हळदीकडे बोट दाखवतात. खिळा कुणालाही लागतो आणि हळदीने भलं झालं नाही हेही खरं. पण अंगठा गेला तो गुरुवार ते रविवार या चार दिवसांत, त्या भोकावर दिवसभर उभं राहिल्यामुळे.

दुखणं नेमकं काय करतं

ज्याच्या पायाला जाणीव आहे त्याला खिळा लागला तर दोन गोष्टी घडतात. पहिली म्हणजे त्याला कळतं. दुसरी म्हणजे तो लंगडतो. पहिली सगळ्यांच्या लक्षात येते, दुसरी राहून जाते. खरं तर जखम भरते ती लंगडण्यामुळे, कारण लंगडताना माणूस नकळत दुखऱ्या जागेवरचा भार काढून घेतो. बधिर पायाचा माणूस लंगडतच नाही. प्रत्येक पावलाला जखमेच्या कडा दाबल्या जातात, नव्याने धरलेली पेशींची साय चिरडली जाते आणि जंतू आतल्या थरांत ढकलले जातात.

हे आधी उमगलं ते कुष्ठरोग्यांच्या पायांवर काम करताना. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात 1946 पासून काम करणारे शल्यचिकित्सक पॉल ब्रँड यांनी दाखवून दिलं की कुष्ठरोग्यांची बोटं रोगाने 'सडून' गळत नाहीत. दुखणं कळत नसल्यामुळे रोजच्या वापरात होणाऱ्या इजा साचत जातात आणि त्यात बोटं जातात. पुढे मधुमेहाच्या पायांनाही हाच विचार लागू पडला.

मधुमेहात सर्वांत लांब नसा आधी बिघडतात, म्हणून सुरुवात पायाच्या बोटांपासून होते आणि बधिरपणा मोजा चढवावा तसा घोट्याकडे सरकतो. हे इतकं सावकाश होतं की आपलं काही हरवलं आहे असं पेशंटला वाटतच नाही. "कापसावर चालल्यासारखं वाटतं" किंवा "चप्पल पायातून कधी निसटली कळलंच नाही" हे शब्द घरात कुणाच्या तोंडी आले, तर ते म्हातारपणाच्या खाती टाकू नका. आणखी एक फसवी गोष्ट आहे. पुष्कळांचे तळवे रात्री जळजळतात, मुंग्या येतात. "एवढे पाय जळतात, म्हणजे जाणीव तर आहेच की," असं त्यांना वाटतं. पण जळजळ हा बिघडलेल्या नसेचा स्वतःचा गोंगाट असतो. त्याच पायात टाचणी घुसली तर ती कळेलच असं नाही.

नसा बिघडतात तेव्हा फक्त स्पर्शच जात नाही. पायाला घाम येईनासा होतो, कातडी कोरडी पडून टाचांना भेगा जातात. पावलातले छोटे स्नायू दुबळे होतात, बोटं आकड्यासारखी वाकतात आणि बोटांच्या मुळाशी असलेल्या हाडांच्या टोकांवर भार वाढतो. तिथे घट्टा तयार होतो. हा घट्टा म्हणजे पायात कायमचा रुतलेला खडाच. तो खालच्या मांसाला दाबत राहतो आणि त्याच्या आड जखम तयार होते, वरून मात्र काहीच दिसत नाही.

बधिरपणा आहे का, हे घरीच पाहा

त्यासाठी यंत्र लागत नाही. इंग्लंडमधल्या इप्सविचच्या डॉक्टरांनी रूढ केलेली एक सोपी चाचणी आहे. पेशंटने पाय उघडे ठेवून आडवं व्हायचं आणि डोळे मिटायचे. दुसऱ्याने तर्जनीचं टोक पेशंटच्या बोटाच्या शेंड्याला अगदी हलकेच टेकवायचं, एक-दोन सेकंद, आणि पेशंटने 'उजवा' की 'डावा' एवढंच सांगायचं. दोन्ही पायांचे अंगठे, मधली बोटं आणि करंगळ्या अशा सहा जागा. दाबायचं नाही, टोचायचं नाही, गुदगुल्या करायच्या नाहीत. एखादी जागा कळली नाही म्हणून पुन्हा स्पर्श करायचा नाही, कारण दुसऱ्या वेळी माणूस अंदाजाने सांगतो. सहापैकी दोन किंवा जास्त जागा कळल्या नाहीत, तर पायाची राखण करणारी जाणीव गेली असं धरून चाला आणि डॉक्टरांकडून पक्कं करून घ्या. तिथे ते 10 ग्रॅम दाबाला वाकणारा नायलॉनचा धागा लावून तपासतील. सगळं ठीक निघालं तरी वर्षातून एकदा तपासणी करून घ्यायचीच.

रोजचं पाहणं

वेळ रात्री झोपण्यापूर्वीची बरी, कारण दिवसभराची इजा तेव्हा दिसते. अंघोळीनंतर पाहण्याची पद्धतही चालेल, फक्त वेळ एकच ठरवा. दिवाणखान्यातल्या मंद दिव्यात नको, चांगल्या उजेडात बसा. बायकांनी जोडवी काढून ठेवावीत. जोडव्याखाली कातडी ओलसर राहते, कधी गुंडाळलेला दोरा आत रुततो, आणि बोट सुजलं की जोडवंच फास होतं. घट्ट झालेलं जोडवं बधिर बोटात ठेवू नये, या बाबतीत मी रीतिरिवाजाशी तडजोड करत नाही.

आधी चप्पल-बूट, मग पाय. हा क्रम थोड्यांनाच सुचतो. चप्पल उलटी करून सोल पाहा, आतून हात फिरवा, बूट झटका. खडा, स्टेपलरची पिन, नातवाच्या खेळण्यातला तुकडा, उसवलेल्या शिवणीची गाठ, सगळं हाताला लागतं. वर सांगितलेल्या केसमधला खिळा सोमवारीच हाताला लागला असता.

मग तळवा. मांडी घालून पाय उलटा करता येत असेल तर उत्तम. नसेल तर जमिनीवर आरसा ठेवून वरून पाहा, किंवा मोबाइलने फोटो काढून मोठा करून बघा. फोटोचा एक फायदा असा की कालचा आणि आजचा शेजारी ठेवता येतो. मात्र ज्यांच्या डोळ्यांच्या पडद्यावर मधुमेहाचा परिणाम झाला आहे, त्यांनी स्वतःच्या नजरेवर विसंबू नये. घरातल्या दुसऱ्या कुणाला तरी हे काम द्यावं. सुनेला किंवा मुलाला पाय दाखवायचा संकोच वाटतो हे मला माहीत आहे, पण तो बाजूला ठेवावा लागेल.

पाहायचं काय? फोड, चीर, ओल, लाल डाग हे तर कुणीही पाहील. नवशिक्याची नजर चुकते ती तीन जागी. पहिली घट्ट्याची. घट्ट्याच्या आत तपकिरी, जांभळट किंवा काळा ठिपका दिसला तर खाली रक्त साकळलं आहे, म्हणजे जखम तयार झालेली आहे. तिला अजून तोंड फुटलेलं नाही, इतकंच. हा घट्टा त्याच आठवड्यात जाणकाराकडून तासून घ्यायचा. घरी ब्लेड लावायचं नाही, आणि औषधाच्या दुकानात कुरूप घालवायच्या पट्ट्या मिळतात त्याही लावायच्या नाहीत. त्यातलं आम्ल कुरूप आणि चांगली कातडी यांत भेद करत नाही.

दुसरी जागा बोटांच्या बेचक्यांची. प्रत्येक बेचकं बोटांनी फाकवून पाहा. पावसाळ्यात चिखल्या होतात, कातडी पांढरी पडून सोलते आणि तिथून जंतू आत शिरतात. पाय धुतल्यावर बेचकी कोरड्या फडक्याने टिपून घ्या. टाचेला खोबरेल तेल किंवा व्हॅसलीन जरूर लावा, बेचक्यांत नको. अंगठा अडकवायच्या चपलेचा पट्टा ज्या बेचक्यात घासतो तिथे जरा जास्त वेळ थांबा.

तिसरी गोष्ट दिसत नाही, हाताला लागते, ती म्हणजे ऊब. हाताची मागची बाजू दोन्ही पायांवर एकाच जागी आळीपाळीने टेकवा. एक पाय दुसऱ्यापेक्षा स्पष्ट गरम लागला, तर आत काहीतरी चाललं आहे. मोजायचंच असेल तर कातडीचं तापमान घेणारं थर्मामीटर वापरून दोन्ही पायांच्या त्याच जागा ताडून पाहा. 2.2 अंश सेल्सिअसपेक्षा जास्त फरक लागोपाठ दोन दिवस राहिला तर चालणं कमी करा आणि डॉक्टर गाठा. कधी कधी पाय लाल, गरम, सुजलेला असतो, पण जखम कुठेच नसते आणि दुखतही फारसं नाही. यात पायाची हाडं आतल्या आत मोडत असू शकतात. त्याला शार्को फूट म्हणतात. 'मुरगळला असेल' म्हणून त्यावर चालत राहिलं तर पावलाचा आकारच कायमचा बिघडतो.

हे सगळं सरावलं की पाच मिनिटांचं काम आहे.

जखम दिसली त्या रात्री

आता बुधवारच्या रात्रीकडे परत जाऊ. फरशीवर ठिपके दिसले, पाय पाहिला, भोक सापडलं. पुढे काय करायला हवं होतं?

आधी बसायचं. उठून डेटॉल शोधत घरभर फिरायचं नाही, जे लागेल ते दुसऱ्याने आणून द्यायचं. हात साबणाने धुवून जखम वाहत्या स्वच्छ पाण्याखाली धरायची, सभोवार सौम्य साबण चालेल. पाय पाण्यात बुडवून ठेवायचा नाही आणि गरम पाण्याने शेकायचा तर मुळीच नाही, कारण बधिर पायाला चटका कळत नाही. स्पिरिट, हायड्रोजन पेरॉक्साइड, हळद, चुना, कॉफी यातलं काही नको. पहिली दोन नव्या पेशींनाच जाळतात. बाकीच्यांचा थर बसला की दुसऱ्या दिवशी जखमेचा तळ डॉक्टरांनाही दिसत नाही. स्वच्छ गॉज ठेवून कागदी चिकटपट्टीने हलकं चिकटवायचं. बोटाभोवती पट्टी गोल आवळायची नाही. बोट सुजलं तर रक्त अडतं आणि आवळल्याचं कळतही नाही.

मग मोबाइलवर एक फोटो, शेजारी मोजपट्टी किंवा नाणं ठेवून. जखमेभोवती लाली असेल तर तिच्या कडेवर बॉलपेनने रेघ मारा आणि तारीख-वेळ लिहा. सकाळी लाली रेघेच्या बाहेर गेली असेल तर वाद घालायला जागा उरत नाही. शुगर तपासून लिहून ठेवा. चप्पल आणि खिळा टाकू नका, सोबत न्या. खिळा किती आत गेला होता याचा अंदाज त्यावरून येतो, आणि टोक मोडून आत राहिलं असेल तर एक्स-रे काढायचं सुचतं. दुखत नसल्यामुळे सुईचे तुकडे महिनोन् महिने पायात राहिलेले सापडतात. धनुर्वाताचं इंजेक्शन शेवटचं कधी घेतलं, हेही आठवून ठेवा.

आणि त्या पायावर चालणं बंद. संडासला जायचं तर वॉकर घेऊन, वाटेत खुर्च्या ठेवून, शक्य असेल तर खोलीतच कमोडची खुर्ची. दुसऱ्या पायावर उड्या मारत जाणं नको, कारण तो पायही तितकाच बधिर असतो. दुकान मुलाने उघडायचं. सगळ्या सूचनांमध्ये हीच पाळायला सर्वांत अवघड. ताप नाही, कळ नाही, आणि धडधाकट माणसाला पलंगावर बसून राहायला सांगायचं! पण लंगडण्याचं काम इथे पाय करत नाही, ते ठरवूनच करावं लागतं.

बधिर पायाची कुठलीही फुटलेली जखम 24 तासांच्या आत डॉक्टरांना दाखवायची. लहान आहे, कोरडी आहे, ही सबब चालत नाही. काही वेळा मात्र सकाळपर्यंतही थांबायचं नाही, रात्रीच हॉस्पिटल गाठायचं. लाली जखमेपासून दोन सेंटिमीटरच्या पुढे सरकली, पाऊल सुजलं, पू किंवा वास आला, बोट काळंनिळं पडलं, थंडी वाजली, किंवा खाण्यात काही बदल नसताना शुगर एकदम चढली, यांपैकी एकही गोष्ट पुरे. ताप नाही म्हणून निर्धास्त राहू नका, खोलवर पू असतानाही ताप नसलेले पेशंट नेहमी दिसतात. आणि जो पाय कधी दुखत नव्हता तो अचानक ठणकायला लागला, तर तो शुभशकुन समजू नका. जाणीव परत आलेली नसते, संसर्ग खोल गेलेला असतो.

डॉक्टरांकडे गेल्यावर

नुसतं ड्रेसिंग आणि अँटिबायोटिक घेऊन परतू नका. तीन गोष्टी विचारा. पायाचा रक्तपुरवठा कसा आहे? नाडी हाताला लागते का, नाहीतर डॉपलर करायचा का? रक्तच पोचत नसेल तर ना औषध पोचतं ना जखम भरते, आणि तिथे आधी रक्तवाहिन्यांच्या सर्जनची गरज असते. दुसरं, जखम हाडापर्यंत गेली आहे का? डॉक्टर बोथट सळई आत घालून पाहतात. एक्स-रे पहिल्या दोन-तीन आठवड्यांत साफ दिसू शकतो, म्हणून तो एकदा काढून थांबू नये. तिसरा प्रश्न सहसा कुणी विचारत नाही: "या जागेवरचा भार कसा काढणार?"

तळव्याच्या स्वच्छ, रक्तपुरवठा चांगला असलेल्या जखमेला पावलापासून गुडघ्याखालपर्यंत अंगाबरोबर बसणारं प्लॅस्टर घालतात. त्यात भार सगळ्या पावलावर आणि पोटरीवर वाटला जातो. महिनोन् महिने न भरलेली जखम यात साधारण सहा ते आठ आठवड्यांत भरते. काढता-घालता येणारा बूटही मिळतो, पण तो काढता येतो हाच त्याचा दोष. घरात 'चार पावलं तर जायचंय' म्हणून तो कोपऱ्यात पडतो, आणि दिवसभरातली बरीचशी चाल घरातलीच असते. संसर्ग असेल किंवा रक्तपुरवठा कमी असेल तर प्लॅस्टरचा निर्णय वेगळा होतो, म्हणून ते पायाची सवय असलेल्या माणसाकडूनच करून घ्यावं.

जखम भरल्यावर

भरलेली जागा कोवळी असते आणि जिच्यामुळे जखम झाली ती हाडाची ठेवण व तो बधिरपणा तसेच असतात. जखम भरलेल्या शंभरांपैकी सुमारे चाळीस जणांना वर्षाच्या आत पुन्हा जखम होते. म्हणून जुनी चप्पल पुन्हा पायात घालायची नाही. मऊ एमसीआर रबराची, मागे पट्टा असलेली, बोटांना जागा देणारी चप्पल किंवा बूट घ्या, आणि खरेदीला संध्याकाळी जा, तेव्हा पाय थोडे फुगलेले असतात. 'घट्ट बसते, छान वाटते' यावर जाऊ नका, बधिर पायाला घट्टच बरं वाटतं. नवी चप्पल सुरुवातीला तासाभरापेक्षा जास्त वापरू नका, काढल्यावर पाय पाहा. घरातसुद्धा अनवाणी नको. देवळात तापलेल्या फरशीवर जायचं असेल तर सकाळी लवकर जा आणि जाड मोजे घाला.

नखं सरळ कापा, कोपरे खोलवर कोरू नका. आणि तपासणीची तारीख आजच घेऊन ठेवा. नुसता बधिरपणा असेल तर दर सहा ते बारा महिन्यांनी, बोटं वाकडी असतील किंवा रक्तपुरवठाही कमी असेल तर तीन ते सहा महिन्यांनी, आणि एकदा जखम होऊन गेली असेल तर दर एक ते तीन महिन्यांनी. मधले सगळे दिवस तुमचे किंवा तुमच्या घरच्यांचे, रोज पाच मिनिटं.